उदासीन पाण्याचा रंग

चिमणीला सगळे चिमणी का म्हणतात, हे तिचा आवाज एकदा ऐकला की विचारायची गरज उरत नसे. नववीत गेली तरी तो आवाज मोठा व्हायचं नाव घेईना. वर्गात तिने उत्तर दिलं की मागच्या बाकावरून "काय म्हणाली?" असा प्रश्न हटकून यायचा, आणि पुढच्या बाकावरची मुलं तिचं उत्तर मागे पोचवायची, पोस्टमनने पत्र पोचवावं तसं.

तिची मावसबहीण भिंगरी त्याच वर्गात होती. दोघींच्या आया सख्ख्या बहिणी, दोन्ही घरं एकाच जिन्यावर समोरासमोर. भिंगरीचा पाय जागेवर ठरत नसे आणि तोंड तर त्याहून नाही. शाळेच्या रसायन मंडळात दोघींनी एकदमच नाव घातलं. भिंगरीने परीक्षानळ्या फोडल्या तीन, चिमणीने एकही नाही. पण मंडळात एखादा प्रयोग जमला तर तो भिंगरीच्याच हातून जमायचा, हेही खरं. तिचे हात भराभर चालत आणि डोळे हातांच्या पुढे.

म्हणूनच या वर्षीच्या प्रयोग-दर्शनाला स्वागताचं भाषण चिमणीने करायचं असं मंडळाच्या सरांनी जाहीर केलं, तेव्हा आधी सगळे हसले आणि मग सगळे गप्प झाले. सर थट्टा करत नव्हते.

"सर, माझा आवाज मागे जात नाही," चिमणी म्हणाली.

"माइक असतो ना."

"भिंगरीला द्या की. तिला माइकही लागत नाही."

"भिंगरी बोलायला लागली की प्रयोग करायला हात उरत नाहीत," सर म्हणाले. "आणि नमनालाच घडाभर तेल जातं. तू लागेल तेवढंच बोलतेस. मला पाच मिनिटांचं भाषण हवंय. लोक कशासाठी आलेत, समोर काय ठेवलंय आणि त्यात काय बघायचं, एवढंच."

सर तसे शांत माणूस. उंच, जरा वाकलेले, खिशाला कायम पेनाचा निळा डाग. पण या खेपेला त्यांचा जीव टांगणीला लागला होता, आणि त्याला कारण होतं. गेल्या वर्षी मंडळाने बाटलीत व्हिनेगर आणि खायचा सोडा घालून तोंडावर फुगा लावला होता. वायू तयार होऊन फुगा फुगणार, टाळ्या पडणार, असा बेत. पण फुगा निसटला आणि बाटलीतला सगळा फेस पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांच्या मांडीवर गेला. लोक इतके हसले की पुढचे प्रयोग कुणी पाहिलेच नाहीत. तेव्हापासून मुख्याध्यापिकाबाई, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची, मंडळाच्या खोलीकडे बघताना अशा बघत, की जणू तिथे मोडक्या बाकांची रास आत्ताच रचली जातेय. खोली कोठीला द्यायची असं त्या दोनदा बोलूनही गेल्या होत्या.

या वर्षी फुगा नाही, फेस नाही, असं सरांनी ठरवलं. फक्त रंग. स्वयंपाकघरातल्या वस्तू घ्यायच्या आणि त्यांतलं आम्ल कोणतं, आम्लारी कोणतं, हे जांभळ्या कोबीच्या रसाकडून वदवून घ्यायचं. आंबट काही पडलं की तो रस गुलाबी होतो. सोडा किंवा साबण पडला की निळा, हिरवा. आणि दोन्हींपैकी काहीच नसेल तर जांभळा तो जांभळाच.

भिंगरी घरी रोज सराव करायची. मावशीच्या, म्हणजे भिंगरीच्या आईच्या, ओट्यावर वाट्या मांडलेल्या, एकीत लिंबू, एकीत सोडा, आणि मावशी बडबडतेय, "अगं, भाजी करायला आणलेला कोबी होता तो!" चिमणी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून भाषण पाठ करायची. सरांनी तिला कागदावर चार ओळी लिहून दिल्या होत्या. बाकीचं तिने स्वतः जुळवलं. सभागृहाच्या रस्त्याकडच्या भिंतीसाठी मंडळातल्या मुलांनी मोठा तक्ता रंगवला. डावीकडे गुलाबी, उजवीकडे हिरवा, आणि बरोबर मधोमध जांभळा पट्टा. त्याखाली ठसठशीत अक्षरात: साधं पाणी – उदासीन.

कार्यक्रमाच्या सकाळी भिंगरीने आदल्या दिवशी करून ठेवलेल्या रसाच्या बाटलीचं बूच काढलं आणि नाक दाबून मागे सरली. रस रात्रभर कपाटातच राहिला होता. उकाड्यात नासला होता.

"काही नाही, अजून एक कोबी आहे," ती म्हणाली आणि तडक शाळेच्या उपाहारगृहात गेली. तिथल्या बाईंकडून पातेलं मागितलं, कोबी चिरला, नळाचं पाणी घातलं, उकळलं, गाळलं. चिमणी गाळणी धरून उभी होती. गाळणीखाली ठेवलेल्या काचेच्या चंबूत रस उतरायला लागला, आणि दोघी एकमेकींकडे पाहतच राहिल्या.

रस जांभळा नव्हता. शाईसारखा निळा होता.

"हे काय गं?" चिमणी म्हणाली. "पातेल्याला साबण होता का?"

"मी स्वतः धुतलंय, तीनदा." भिंगरीने चंबू उजेडाला धरला. मग तिचा चेहरा उतरला. "पाणी. घरी मी फिल्टरचं पाणी घेते. हे बोअरचं आहे."

पातेल्यात आता नुसता फिका पडलेला चोथा उरला होता. दुसरा कोबी आणायला बाजारात जायला वेळ नव्हता. भिंगरी क्षणभर खालचा ओठ चावत उभी राहिली. मग तिने प्रयोगासाठी आणलेल्या लिंबांमधलं एक घेतलं, कापलं आणि चंबूवर थेंब थेंब पिळायला लागली. ढवळायची, बघायची, अजून पिळायची. निळ्यातून हळूहळू लालसर छटा वर आली, आणि एका थेंबाला रस असा सुरेख जांभळा झाला की तक्त्यावरचा पट्टाही फिका वाटावा.

"झालं!" भिंगरी म्हणाली.

"पण ते साधं पाणी नाही राहिलं ना मग," चिमणी म्हणाली.

तेवढ्यात सर आत आले. त्यांनी चंबू पाहिला, कापलेलं लिंबू पाहिलं, आणि कुणी काही सांगायच्या आत त्यांना सगळं समजलं. चिमणीने तरी विचारलंच, "सर, आपलं पाणी उदासीन नाहीये का?"

"नळाचं पाणी तंतोतंत उदासीन क्वचितच असतं," सर म्हणाले. "पुस्तकातलं पाणी शुद्ध असतं, जमिनीतलं दगडमातीतून वाट काढत येतं. आपलं जरासं आम्लारीकडे झुकणारं आहे. त्यात वाईट काही नाही."

"मग मी भाषणात तसं सांगू?"

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. "आज नको. आज लोकांना एकच गोष्ट स्वच्छ दिसू दे. हा सगळा फाटा फोडत बसलो तर घोटाळा होईल. आजचा दिवस सावरून घेऊ. पुढच्या आठवड्यात वर्गात मी नीट समजावतो."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," भिंगरी म्हणाली आणि तिने डोळा मारला.

दोन माणसांत वाद झाला की आपण कुणाच्याही बाजूला नसावं, हे चिमणीला लहानपणापासून जमत आलं होतं. आई आणि मावशीचं भांडण झालं की ती जिन्यातच पुस्तक घेऊन बसायची, दोन्ही दारांच्या मधे. आताही तिने चंबू उचलला आणि सभागृहाकडे चालायला लागली. पण भाषणातली एक ओळ तिच्या घशात माशाच्या काट्यासारखी अडकून बसली होती.

सभागृह भरलं होतं. पुढे लहान वर्गातली मुलं सतरंजीवर, मागे खुर्च्यांवर पालक. आई आणि मावशी तिसऱ्या रांगेत शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि मावशी आजूबाजूच्यांना सांगत होती की टेबलापाशी उभी असलेली ती आमचीच. मंचावर लांब टेबल, पांढरी चादर, त्यावर ओळीने रुंद तोंडाचे काचेचे पेले. भिंगरीने प्रत्येकात रस ओतून ठेवला. उरलेला एका बाटलीत भरून घट्ट बूच लावलं. पेल्यांसमोर लिंबू, व्हिनेगर, दह्याचं पाणी, खायचा सोडा, कपड्यांचा साबण, आणि पहिल्या पेल्यासमोर काहीच नाही. तो साध्या पाण्याचा. भिंगरीने डोळ्यांना चष्मा लावला आणि ती सज्ज झाली.

पण संचालक मंडळातले पाहुणे येईनात. मोठ्या बाई दारापाशी उभ्या राहून फोन लावत होत्या. मुलं चुळबुळायला लागली. वर पंखे गरगर फिरत होते आणि टेबलावरची चादर फडफडत होती. सरांनी दोन वेळा खूण केली, अजून थांबा.

चिमणी माइकजवळ उभी होती, हातात कागद. वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं, सगळं पाठ होतं, पण हाताला काहीतरी धरायला हवं होतं. तिची नजर पेल्यांवर गेली. मग बाटलीवर. मग पुन्हा पेल्यांवर.

आधी वाटलं, उजेडाचा खेळ असेल. मग ती एक पाऊल पुढे झाली. बूच लावलेल्या बाटलीतला रस मघासारखाच जांभळा होता. पेल्यांतला नव्हता. पेल्यांतल्या रसात कुणीतरी गुपचूप निळं बोट बुडवून फिरवल्यासारखं दिसत होतं. ना धड जांभळा, ना धड निळा. पण जांभळ्यातून निघालेला आणि निळ्याकडे चाललेला, एवढं नक्की.

"भिंगरे," तिने माइकवर हात ठेवून हळूच हाक मारली. "पेले बघ."

भिंगरीने पाहिलं आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. तिचा हात आपोआप लिंबाकडे गेला, पण समोर अख्खं सभागृह बसलं होतं. हात तिथल्या तिथे थांबला. "लांबून काही कळत नाही," ती ओठ न हलवता म्हणाली. "तू बोल बिनधास्त. तू जांभळा म्हणालीस की सगळ्यांना जांभळाच दिसेल."

आणि तेवढ्यात पाहुणे आले. मोठ्या बाई त्यांना पहिल्या रांगेत घेऊन बसल्या, सरांनी मान हलवली, आणि माइक सुरू झाला.

"नमस्कार," चिमणी म्हणाली. माइकने तिचा आवाज उचलून भिंतीपर्यंत नेला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून ती क्षणभर दचकली. "पाहुण्यांचं, पालकांचं, शिक्षकांचं आणि खाली बसलेल्या छोट्या मित्रमैत्रिणींचं रसायन मंडळातर्फे स्वागत. आज इथे काही उडणार नाही, काही फुटणार नाही. पहिल्या रांगेतल्यांनी निश्चिंत बसावं."

खसखस पिकली. मोठ्या बाईंच्या ओठांचा कोपरासुद्धा हलला. चिमणीला जरा धीर आला.

"पांढऱ्या कपड्यावर हळदीचा डाग पडला आणि आईने त्यावर साबण घासला, की डाग जायच्या ऐवजी लालभडक होतो. तुम्ही पाहिलं असेल. मला लहानपणी वाटायचं की डाग चिडला. खरं तर हळद आपल्याला काहीतरी सांगत असते. ती सांगते की साबण आम्लारी आहे. अशा रंग बदलून बातमी देणाऱ्या वस्तूला दर्शक म्हणतात. हळद फक्त आम्लारीची बातमी देते. पण समोर जो रस आहे, जांभळ्या कोबीचा, तो दोन्हीकडची बातमी देतो. आंबट वस्तूंत आम्ल असतं. ते पडलं की हा रस गुलाबी होईल. सोड्याने आणि साबणाने निळा-हिरवा होईल. या सगळ्या वस्तू घरातल्याच आहेत, तरी इथलं काही चाखायचं नाही आणि हात डोळ्यांना लावायचा नाही. घरी करून बघणार असाल तरी हाच नियम. आणि न्हाणीघर साफ करायच्या बाटल्यांना तर हातच लावायचा नाही. त्या एकमेकींत मिसळल्या तर विषारी वायू निघू शकतो."

खालच्या मुलांनी माना डोलावल्या.

"काही वस्तू आम्ल नसतात आणि आम्लारीही नसतात. त्यांना उदासीन म्हणतात." पुढून एक लहान मुलगा म्हणाला, "म्हणजे दुःखी?" आणि सगळे हसले. चिमणीही हसली. "नाही. दुःखी नाही. उदासीन म्हणजे कुणाचीच बाजू न घेणारी. जसं साधं पाणी. म्हणून साध्या पाण्यात हा रस..."

इथे ती थांबली.

ओळ तोंडात तयार होती. *जांभळाचा जांभळाच राहतो.* म्हटली असती तर काही आभाळ कोसळणार नव्हतं. तिने पहिल्या पेल्याकडे पाहिलं. मघापेक्षाही तो निळा झाला होता. तो पेला कुणाची बाजू घेत नव्हता, कुणाची अब्रू राखत नव्हता. भाषण, तक्ता, मोठ्या बाई, खोली, यांतलं त्याला काही ठाऊक नव्हतं. तो आपल्या गतीने, जे होतं ते होत चालला होता. आत्ता हा मुलगा पुढे वाकून विचारील, ताई, हा तर निळा दिसतोय, आणि मी त्याला म्हणेन, तुझे डोळे चुकतायत. चिमणीला हे काही केल्या जमेना.

मागून कुणीतरी खोकलं. भिंगरी टेबलामागून डोळे मोठे करून तिच्याकडे बघत होती.

"मी पाठ केलेली ओळ अशी होती, की साध्या पाण्यात हा रस जांभळा राहतो," चिमणी म्हणाली. "शुद्ध पाण्यात तो राहतोही. पण आज सकाळी आम्ही आपल्या शाळेच्या नळाच्या पाण्यात रस काढला आणि तो निळा निघाला. म्हणजे आपलं पाणी थोडं आम्लारी आहे. तक्त्याशी जुळावं म्हणून आम्ही त्यात लिंबू पिळलं आणि तो जांभळा केला. आता तुम्ही पाहुण्यांची वाट बघत होता तेवढ्यात तो आपोआप पुन्हा निळा व्हायला लागलाय. बाटलीतला झाला नाही, पेल्यांतला झाला. असं का झालं, ते मला माहीत नाही. पण झालंय, हे तुम्हाला दिसतंय. आता माझी बहीण प्रयोग दाखवेल. धन्यवाद."

टाळ्या पडल्या नाहीत. कुणाला कळेना की पाडायच्या का. मागच्या बाजूला दोघंतिघं हसली, आणि ते हसणं चिमणीच्या कानशिलांपर्यंत गरम होऊन पोचलं. पाहुण्यांपैकी एकाने मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी सरांकडे. आणि बाकी सगळ्यांनी टेबलामागे उभ्या असलेल्या, चष्मा लावलेल्या, लालबुंद झालेल्या भिंगरीकडे.

खुर्चीवरच्या एका आजोबांनी हात वर केला. "अहो, मग हे पाणी मुलांनी प्यायचं की नाही?"

कुजबूज सुरू झाली. हे चिमणीच्या ध्यानीमनी नव्हतं. तेवढ्यात सर मंचावर आले. त्यांनी माइक आपल्याकडे ओढला.

"प्या, खुशाल प्या," ते म्हणाले. "जमिनीतले क्षार पाण्यात उतरतात. घरी किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो ना, तेच ते. त्याने अपाय होत नाही. बाकी पाणी चांगलं की वाईट हे कोबीच्या रसाने कळत नाही, त्याच्या तपासण्या वेगळ्या असतात, आणि आपल्या पाण्याच्या होतात." ते थांबले. "आणि एक. लिंबाचं मला माहीत होतं. सावरून घेऊ, असं मीच म्हणालो होतो. मुलींचा त्यात दोष नाही."

मग ते भिंगरीकडे वळले आणि म्हणाले, "चल. दाखव."

भिंगरीने लिंबू उचललं. पहिला थेंब पडला आणि निळसर पेल्यात वरून खाली गुलाबी धागे उतरत गेले, तेव्हा खाली बसलेल्या मुलांनी एकदम श्वास ओढला. व्हिनेगरने लख्ख गुलाबी. दह्याच्या पाण्याने गढूळ, फिकट गुलाबी. सोड्याने निळा-हिरवा. साबणाने हिरवा. शेवटी तिने न सांगता एक गोष्ट केली. बूच लावलेल्या बाटलीतला थोडा रस एका रिकाम्या पेल्यात ओतला आणि तो पहिल्या पेल्याशेजारी ठेवला. एक जांभळा, एक निळा. मुलं उठून उभी राहून बघायला लागली. टाळ्या तेव्हा पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर मोठ्या बाई सरांना म्हणाल्या, "पुढच्या वेळी असं काही असेल तर आधी मला सांगत चला." पुढच्या वेळी, असं त्या म्हणाल्या, एवढंच सर धरून बसले. खोलीचा विषय त्या दिवशी निघाला नाही, आणि वर्षअखेरीपर्यंत तरी मोडकी बाकं दुसरीकडेच ठेवली जात राहिली.

घरी मात्र वेगळंच वारं होतं. जिन्यात मावशीने आईला गाठलं. "काय गं, घरचीच पोर घरच्या पोरीला भर सभेत उघडं पाडते? हात दाखवून अवलक्षण! लिंबू पिळलं म्हणे. म्हणजे लोकांना काय वाटलं असेल?"

"तिने 'आम्ही' म्हटलं, ताई," आई म्हणाली.

"म्हटलं आम्ही. बघत होते सगळे माझ्या पोरीकडे."

आईने पुढे काही वाद घातला नाही. आत येऊन तिने चिमणीच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि शेजारी बसली. "खरं बोललीस ते बरंच केलंस," ती म्हणाली. "पण भिंगरी तुझ्यापासून दोन हातांवर उभी होती. बोलायच्या आधी तिच्याकडे एकदा नुसतं वळून बघितलं असतंस, तरी तिला कळलं असतं की आता येतंय."

चिमणीने घास खाली ठेवला. हे तिच्या मनात आलंच नव्हतं. खरं बोलायला धीर लागतो, एवढंच तिला वाटलं होतं. तो धीर गोळा करण्यात ती इतकी गुंतली, की आपल्या शब्दांचा भार कुणाच्या खांद्यावर पडणार, हे बघायचं राहूनच गेलं. भित्र्या माणसाला एकदा धैर्य आलं की ते असं आंधळं येतं, कारण त्याला त्याची सवय नसते.

ती त्या संध्याकाळी समोरच्या दारात जाऊन उभी राहिली. भिंगरीने दार उघडलं.

"चुकलं माझं," चिमणी म्हणाली. "सांगितलं ते नाही. तुला न विचारता सांगितलं, ते."

"बरं," भिंगरी म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

पुढचे काही दिवस भिंगरी शाळेत जाताना जिना दोन दोन पायऱ्या गाळून उतरायची, म्हणजे चिमणीची गाठ पडू नये. मधल्या सुट्टीत दुसऱ्या मुलींच्यात बसायची. चिमणी मागे लागली नाही. पूर्वी तिला गप्प बसणं सोपं जायचं. आता ते जड जायला लागलं होतं.

मग एका दुपारी सरांनी दोघींना प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर ताजा रस होता, शाळेच्याच नळाच्या पाण्यातला, निळाशार. दोघी टेबलाच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या.

"तो रस परत निळा का झाला, ते त्या दिवशी मंचावर मलाही सुचलं नव्हतं," सर म्हणाले. "घरी जाऊन डोकं खाजवत बसलो. भिंगरी, तुला काय वाटतं?"

"लिंबू कमी पडलं," भिंगरी तुटकपणे म्हणाली.

"मग बाटलीतला का नाही झाला? लिंबू तेच होतं."

भिंगरीच्या कपाळाला आठी पडली, आणि ती आठी कसली, हे चिमणीला चांगलं ठाऊक होतं. डोक्यात चक्र फिरायला लागलं की पडायची ती.

"बाटलीला बूच होतं," चिमणी हळूच म्हणाली.

"मग? काय निघून जाणार होतं बुचाशिवाय?" भिंगरी तिच्यावर खेकसली, आणि खेकसता खेकसताच थांबली. "वायू. सर, वायू! गेल्या वर्षीचा फुग्यातला!"

सरांनी हसून एक नळी तिच्यापुढे धरली. "आपल्या पाण्यात जे क्षार आहेत ते सोड्याच्या भावकीतलेच. लिंबू पडलं की त्यातल्या थोड्यांचा तोच वायू होतो, कार्बन डायऑक्साइड. तो पाण्यात विरघळलेला असला की पाण्याला किंचित आंबट करतो, म्हणून जांभळा रंग. पेल्यात तो उडून गेला, वरून पंख्याचा वारा. लिंबाने न संपलेले क्षार मागे राहिले आणि त्यांनी आपला निळा रंग दाखवला. बाटलीतून त्याला जायला वाट नव्हती. आता मला सांग, लिंबाशिवाय हा पेला जांभळा करायचा तर तो वायू कुठून आणशील?"

भिंगरीने नळीकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे चमकले. तिने चष्मा लावला आणि नळी निळ्या रसात बुडवली.

"फुंकायचं फक्त. ओढायचं नाही," सर म्हणाले.

ती फुंकायला लागली. बुडबुडे उठले. बराच वेळ काहीच होईना. तिचे गाल दुखायला लागले तशी तिने श्वास घ्यायला तोंड बाजूला केलं, पुन्हा फुंकलं. चिमणी नकळत टेबलाच्या कडेकडेने सरकत तिच्या शेजारी येऊन पोचली होती. निळा रंग आधी मळला, मग त्यात लालसर झाक आली, आणि मग सगळा पेला सावकाश जांभळा झाला.

"आई गं!" भिंगरी धापा टाकत म्हणाली. "लिंबाची गरजच नव्हती. हेच दाखवायचं होतं आपण!"

"निळा रस निघाला तेव्हा हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं," सर म्हणाले, अर्धवट स्वतःशीच. "झाकायच्या घाईत राहून गेलं." आणि ते चंबू धुवायला नळाकडे गेले.

दोघी पेल्याकडे बघत उभ्या राहिल्या. खिडकीतून वारा येत होता.

"मला अजून राग आहे," भिंगरी म्हणाली.

"माहीत आहे."

"सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, जमीन दुभंगावी." ती नळी बोटांत फिरवत राहिली. "पण तू थांबलीस ना मधेच, तेव्हा मला कळलं होतं तू काय सांगणार ते. मी तोंडातल्या तोंडात नको नको म्हणत होते. आणि तरी आतून वाटत होतं की सांगून टाक. हे असं दोन्ही कसं काय वाटतं गं?"

चिमणीने पेला खिडकीच्या वाऱ्यापासून जरा आत सरकवला.

"पुढच्या वर्षी भाषण मी करणार," भिंगरी म्हणाली. "प्रयोग तू."

"माझ्या हातून सांडेल."

"सांडू दे की. मी माइकवरून सांगेन, आता माझी बहीण सांडणार आहे म्हणून. पण आधी तुझ्याकडे बघेन. मग सांगेन."

चिमणी हसली. भिंगरी हसली नाही, पण तिने आपली नळी बाजूला ठेवून दुसरी स्वच्छ नळी काढली आणि चिमणीच्या हातात दिली. शेजारी अजून एक निळा पेला भरून ठेवला होता. चिमणीने आपला छोटासा श्वास गोळा केला आणि फुंकायला सुरुवात केली. तिला भिंगरीच्या दुप्पट वेळ लागला.